दोन रेघांचा फरक

अक्कांना राग आला की त्या बोलायच्या कमी आणि पुसायच्या जास्त. त्या गुरुवारी सकाळी साडेआठलाच त्यांनी वर्कशॉपमधलं टेबल पुसलं, पाने पुसले, पान्यांचा फळा पुसला आणि मग पुसायला काही उरलं नाही म्हणून फडकंच धुऊन टाकलं. अकरा वाजता वरच्या मजल्यावर साहेबांच्या खोलीत त्यांच्या जावयाची चौकशी होती. तक्रार कुणाची, तर खुद्द अक्कांची.

हे कसं झालं ते आधी सांगायला हवं, नाहीतर सासू जावयाच्या मुळावर उठली असं वाटेल. लोकांना तसंच वाटत होतं म्हणा.

गावभरच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून मोठ्या प्रयोगशाळेत वेळेवर पोचवायचे, हा त्या कंपनीचा धंदा. त्यासाठी चौदा मोटरसायकली, चौदा चालक आणि त्या चौदाही गाड्यांना एकच मिस्त्री, अक्का. नवरा गेल्यावर त्याचा पाना त्यांनी हातात घेतला त्याला सोळा वर्षं झाली होती. सुरुवातीला चालक हसायचे. नंतर हसायचे बंद झाले, कारण अक्कांच्या हातून गेलेली गाडी रस्त्यात थांबत नसे. जावई तिथेच चालक होता. लेकीने त्याला तिथेच, हवा भरायच्या पंपापाशी उभं असताना पसंत केलं होतं, आणि अक्कांना ते कळलं सगळ्यात शेवटी.

कंपनीत एक नियम होता, तोही अक्कांनीच घालून घेतलेला. चालकाने गाडीत पेट्रोल भरावं, हवा बघावी, आरसा फिरवावा, पण मागच्या चाकाच्या अॅक्सल नटाला हात लावायचा नाही. त्या एका नटावर मागचं चाक उभं असतं. तो सैल केला की चाक मागेपुढे सरकतं, चेन ताणली जाते किंवा ढिली पडते. चाक सरळ बसलंय की नाही हे कळावं म्हणून चिमट्यावर, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडी दांड्यांवर, बारीक रेघा कोरलेल्या असतात. अॅक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पट्टी असते; तिची खूण डावीकडे ज्या रेघेवर, उजवीकडेही त्याच रेघेवर हवी. दोन्हीकडे सारखं, तर चाक सरळ. सोळा वर्षं अक्का याच हिशोबाने चालल्या होत्या. "रेघ खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," असं त्या नव्या चालकाला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या.

गेल्या शनिवारच्या तपासणीत जावयाची गाडी स्टँडवर चढली, आणि अक्कांनी पाहिलं की खुणा सारख्या नाहीत. उजवीकडची खूण डावीकडच्यापेक्षा चांगली दोन रेघा मागे. नटाचे कोपरे चुकीच्या पान्याने गोल झालेले, नटातून ओवायची पिन जुनीच परत वाकवून घातलेली. मागचा टायर उजव्या अंगाने इतका खाल्लेला की तिथल्या नक्षीची नुसती आठवण उरली होती. अक्कांच्या डोक्यात सणक गेली. त्यांनी नट सैल केला, दोन्ही खुणा तिसऱ्या रेघेवर आणल्या, नट पूर्ण जोर लावून आवळला, नवी पिन घातली आणि नोंदवहीत लिहिलं: "चालकाने अॅक्सल नट उघडला आहे. रेघा सारख्या नव्हत्या. त्यामुळे टायर एका बाजूने झिजला. चाक सरळ केलं. टायर पुढच्या आठवड्यात बदलणे." खाली सही. नातं नोंदवहीत येत नाही, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

मंगळवारी दुपारी जावई पडला. वळणावर रस्ता धुतलेला होता, मागचं चाक उजव्या अंगावर गेलं आणि गाडी त्याच्याखालून निघून गेली. नमुन्यांची पेटी शाबूत, उजवं मनगट मोडलेलं. साहेबांनी नोंदवही मागवली, ती ओळ वाचली, आणि त्यांचं काम सोपं झालं. नियम मोडला, चाक वाकडं केलं, टायर खाल्ला, पडला. अकरा वाजता येऊन काय ते सांगावं, आणि मग घरी जावं, कायमचं.

पावणेनऊला लेक आली. ती आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"आई, तू एक शब्द बोलशील का वर जाऊन?"

"काय बोलू? नटाला हात लावला का नाही त्यांनी?"

"लावला. ते नाही म्हणतच नाहीत."

"मग?"

"का लावला ते सांगत नाहीत. मी रात्रभर विचारलं. नुसते म्हणतात, जाऊ दे."

"सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं," अक्का म्हणाल्या आणि धुतलेलं फडकं पुन्हा पिळलं. लेकीने आईकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर विरघळली असती. अक्का विरघळल्या नाहीत. 

लेक गेल्यावर वरून साहेबांचा निरोप आला. वर्कशॉपने शनिवारी चाक सरळ करून दिलं होतं याचे फोटो काढून ठेवा, म्हणजे तुमच्यावर काही यायला नको. अक्कांना ते बरं वाटलं. नुसत्या रेघांच्या फोटोने साहेबांना काय कळणार, म्हणून त्यांनी ठरवलं की दोरी लावू. दोरी अडाण्यालाही कळते.

गाडी मधल्या स्टँडवर उभी होती. पडल्यामुळे उजवा आरसा गेला होता, पाय ठेवायचा दांडा वाकला होता, बाकी ठीक. अक्कांनी लांब सुती दोरी घेतली, मागच्या टायरच्या पाठीमागून वळसा घातला आणि दोन्ही टोकं चाकाच्या दोन्ही अंगांना टेकवत पुढे आणली. पुढे दोन लोखंडी ठोकळ्यांना ताणून बांधली. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद. त्यामुळे मागचं चाक सरळ असेल तर पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोरी आणि टायर यांच्यात सारखी फट राहते, बोटभर इकडे, बोटभर तिकडे. हँडल सरळ धरून अक्का पुढे गुडघ्यावर बसल्या.

डावीकडे दोन बोटं आरामात जात होती. उजवीकडे बोट सोडा, दोरीच टायरला घासून बाहेर ढकलली गेली होती.

त्यांनी दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. तेच. पडल्यामुळे वाकलं असेल, त्या स्वतःशीच म्हणाल्या, पण पडून वाकलेली गाडी कशी दिसते हे त्यांना माहीत होतं. चिमटा वाकला की रंग तडकतो. इथे रंग तडकला नव्हता. त्या मागे गेल्या. डावीकडची खूण तिसऱ्या रेघेवर, उजवीकडची तिसऱ्या रेघेवर, अगदी त्यांनी शनिवारी ठेवली होती तशी.

रेघा म्हणत होत्या सरळ. दोरी म्हणत होती वाकडं. दोघींतली एक खोटं बोलत होती.

अक्कांनी टेप काढली. चिमटा पुढे जिथे मोठ्या बोल्टावर हलतो, त्या बोल्टाच्या मध्यापासून मागच्या अॅक्सलच्या मध्यापर्यंत. हे अंतर दोन्हीकडे सारखं असायलाच हवं, इथे कुणाची मतं चालत नाहीत. उजवीकडे मोजलं. डावीकडे मोजलं. डावीकडे चार मिलिमीटर जास्त. म्हणजे अॅक्सलचं डावं टोक मागे, आणि चाकाचं तोंड डावीकडे.

चार मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन रेघा.

साडेनऊ वाजले होते. अक्कांनी पिन काढली, नट सोडला, अॅक्सल ठोकून बाहेर घेतला आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या हातात आल्या. दिसायला जुळ्या बहिणी. त्यांनी एक दुसरीवर ठेवली, दोन्हींच्या भोकांतून अॅक्सल ओवला आणि उजेडाकडे धरल्या. भोक भोकावर बसलं. खुणा बसल्या नाहीत. डाव्या पट्टीवरची खूण भोकाच्या चार मिलिमीटर पुढे कोरलेली होती.

तेव्हा सगळं आठवलं, आणि आठवू नये असं वाटत असताना आठवलं. नऊ आठवड्यांपूर्वी या गाडीची डावी पट्टी तुटली होती. नवी यायला वेळ होता. अक्कांनी भंगारातल्या डब्यातून त्याच कंपनीच्या जुन्या गाडीची पट्टी काढली, भोक जुळतंय बघितलं, जाडी जुळतेय बघितली आणि घातली. खूण कुठे कोरली आहे ते बघायचं कुणाच्या डोक्यात येतं? त्याच दिवशी मागचा टायरही नवा घातला होता. म्हणजे तो टायर पहिल्या दिवसापासून वाकडा पळत होता. रोज फरफटत होता, आणि अक्का दर शनिवारी त्याच्याकडे न बघता रेघांकडे बघत होत्या.

त्यांनी टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने नक्षीच्या कडा करवतीसारख्या टोचत होत्या. असा टायर दोन-चार दिवसांत होत नाही, त्याला आठवडे लागतात. जावयाने नट उघडला होता फार तर शनिवारच्या आधीच्या आठवड्यात, कारण त्याआधीच्या तपासणीत खुणा सारख्या होत्या. टायर त्याने खाल्ला नव्हता.

आणि मग सगळ्यात वाईट गोष्ट कळली. इतका वेळ ती पायाशी बसली होती, आता उठून समोर आली. जावयाने उजवी बाजू दोन रेघा मागे का घेतली होती? कारण तेव्हा चाक सरळ होत होतं. त्याने बरोबर केलं होतं. शनिवारी चाक सरळ होतं, आणि अक्कांनी ते वाकडं केलं होतं, पूर्ण जोर लावून, वर सही करून. आणि मंगळवारी तो पडला.

अक्का जमिनीवरच बसल्या. सोळा वर्षांत त्या कामाच्या वेळेत जमिनीवर बसल्या नव्हत्या.

खरं सांगायचं तर पुढची पाच मिनिटं त्यांच्या मनात जे आलं ते चांगल्या माणसाच्या मनात येऊ नये असं होतं. कपाटात नवी पट्टी आलेली होती. ती घालायची, खुणा तिसऱ्या रेघेवर, दोरी सरळ, फोटो सुंदर. जुनी पट्टी भंगाराच्या डब्यात, हजार पट्ट्यांत एक. कुणाला काही कळणार नव्हतं. जावई तर तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. दुसरीकडे कुठे चालक म्हणून लागेल, तरुण आहे. आपलं वय बावन्न, बाईमाणूस मिस्त्री, इथून निघालं की कोण दारात उभं करणार? हात नवीन पट्टीपर्यंत गेला होता हे त्यांनी नंतर लेकीला स्वतः सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत.

तो हात मागे आला तो सद्गुणाने नाही. डब्यातून त्यांनी त्या आठवड्यात एक नाही, तीन पट्ट्या काढल्या होत्या. उरलेल्या दोन सात नंबरच्या आणि अकरा नंबरच्या गाडीला होत्या. सात आणि अकरा नंबर त्या वेळी रस्त्यावर होते.

अक्का दोन्ही पट्ट्या मुठीत घेऊन जिना चढल्या. अकराला अजून पाऊण तास होता, पण खोलीचं दार उघडंच होतं आणि जावई आत आलेला होता. गळ्यात अडकवलेला हात, समोर साहेब, टेबलावर नोंदवही. साहेबांना वाट बघायची सवय नव्हती, त्यांनी सुरुवात केलेली होती.

"नियम माहीत होता ना तुम्हाला?"

"होता, साहेब."

"मग नट का उघडला?"

जावयाने दारातल्या अक्कांकडे एकदा पाहिलं आणि नजर टेबलावर नेली. "चेन वाजत होती. म्हटलं, आपणच ताणू. चुकलं माझं."

चेन वाजत नव्हती. चेन ताणायला दोन्ही बाजू सारख्या मागे घ्याव्या लागतात, त्याने एकच घेतली होती. माणूस सासूला वाचवण्यासाठी नोकरी घालवत होता, आणि खोटं बोलताना त्याला नीट खोटंही बोलता येत नव्हतं.

"साहेब," अक्का म्हणाल्या, "आधी सात नंबर आणि अकरा नंबरला फोन लावा. जिथे असतील तिथे गाडी बाजूला घ्यायला सांगा. चालवत आणू नका म्हणावं, टेम्पो पाठवा."

"अक्का, आपण इथे चौकशी करतोय."

"फोन लावा, मग करा. त्या दोन्ही गाड्यांची मागची चाकं वाकडी आहेत. मी केलीत."

साहेबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. अकरा नंबरने लगेच घेतला. सात नंबरची रिंग वाजत राहिली. चालक गाडीवर असला की फोन घेत नाही, हा नियमही अक्कांचाच.  साहेबांनी पुन्हा लावला. पुन्हा रिंग. अक्कांच्या मुठीत पट्ट्यांच्या कडा रुतत होत्या आणि त्या मूठ सैल करत नव्हत्या. चौथ्यांदा लावल्यावर पलीकडून आवाज आला. दवाखान्याच्या जिन्यावर होतो म्हणाला, पेटी भरत होतो. साहेबांनी त्याला तिथेच थांबायला सांगितलं. अक्कांनी भिंतीला हात टेकला.

मग त्यांनी टेबलावर पट्ट्या ठेवल्या, एकीवर एक, भोकावर भोक, आणि सगळं सांगितलं. शनिवारचं सांगितलं, नऊ आठवड्यांचं सांगितलं. शब्द सुचत नव्हते तिथे बोट दाखवलं. साहेबांना रेघा कळल्या नाहीत. दोन्ही खुणा जुळत नाहीत हे मात्र डोळ्यांना कळलं.

"म्हणजे यांनी नट उघडला तेव्हा चाक सरळ झालं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही ते परत वाकडं केलंत?"

"हो."

"आणि तक्रार यांच्याविरुद्ध लिहिलीत."

"हो, साहेब. लिहिलं मीच, सहीपण माझीच आहे."

साहेबांनी नोंदवही मिटली. मग जावयाला म्हणाले, हात बरा झाला की कामावर या. अक्कांना म्हणाले, वर्कशॉपची किल्ली इथे ठेवा, तुमचं काय करायचं ते वरच्यांना विचारून कळवतो. अक्कांनी कमरेची किल्ली काढली. ती नोंदवहीवर ठेवली.

जिन्यात दोघंच होते. जावई एक पायरी मागे चालत होता. सासूच्या पुढे चालायचं नाही ही त्याची जुनी सवय. मधल्या वळणावर अक्का थांबल्या.

"रेघांवर भरवसा न ठेवता चाक सरळ कसं केलंत तुम्ही?"

"तुमचीच दोरी. तुम्ही शिकवलेली, लग्नाआधी. पंपापाशी."

अक्कांना ते आठवत नव्हतं. कितीतरी जणांना त्यांनी दोरी शिकवली होती, आणि स्वतः लावायची बंद केली होती.

"मग शनिवारी मी परत रेघांवर आणलं, तेव्हा का नाही बोललात? गाडी ओढत होती ना? हँडल डावीकडे धरावं लागत असेल. माणूस येऊन सांगतो. भांडतो. एवढं मनगट मोडेपर्यंत गप्प बसायचं असतं का?"

त्यांचा आवाज चढला होता. चूक आपली आहे हे माहीत असलेल्या माणसाचा आवाज चढतो तसा. जावयाने प्लास्टरमधला हात दुसऱ्या हाताने जरा वर उचलून धरला. तो दुखत असावा.

"सांगितलं होतं, आई," तो म्हणाला. वर्कशॉपच्या आवारात तो त्यांना कधी आई म्हणत नसे. "नट उघडायच्या आधीच तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, सरळ बसायला शिका. दुसऱ्यांदा सगळे होते तिथे, सगळे हसले. तिसऱ्यांदा तुम्ही वर बघितलंच नाहीत."

तो रागाने बोलत नव्हता. तो नुसता मोजून सांगत होता.

अक्का तिथेच पायरीवर बसल्या आणि त्यांनी शेजारची जागा हाताने पुसली. जावई थोडा वेळ उभा राहिला, मग बसला.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा. कधी ओढायला लागली, कुठे, किती वेगात. मी ऐकतेय."